सेप्टिक टाकीची ओळ यादीत नव्हतीच: छोट्या बांधकामाची सुरक्षा यादी कशी तपासायची

छोटं बांधकाम घेणाऱ्या ठेकेदारानं करारासोबत सुरक्षेची यादी ठेवावी, असं मी मागच्या व्हिडिओत म्हटलं होतं. त्यावर शेवगाव तालुक्यातल्या एका तरुणानं त्याची यादी पाठवली. काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सुपरवायझर म्हणून काम केलंय, आता पहिलं काम स्वतःच्या नावावर घेतलंय. तळमजला अधिक एक मजला असं घर, समोर रस्ता, रस्त्याच्या कडेनं विजेची लाइन, मागच्या बाजूला सेप्टिक टाकी. कामावर एका वेळी आठ-दहा माणसं. सोबत एक ओळ लिहिली होती: "सर, काही राहिलंय का बघा."

व्हिडिओत मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. त्याची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही.

यादी चौदा ओळींची होती. "सर्वांनी हेल्मेट वापरावे." "परांची मजबूत असावी." "विजेच्या वायरी सुस्थितीत असाव्यात." "सेंट्रिंग योग्य वेळी काढावे." "प्रथमोपचार पेटी उपलब्ध असावी." अशा ओळी तुम्हीही पाहिल्या असतील, बहुतेक सगळ्या यादींचा उगम एखाद्या मोठ्या कंपनीच्या पीडीएफमध्ये असतो. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. अडचण अशी होती की ती कुठल्याही साइटला चालली असती, आणि या साइटवरच्या दोन सगळ्यात जीवघेण्या गोष्टी तिच्यात नव्हत्या.

आधी यादी बाजूला ठेवा

यादी वाचून काय राहिलंय ते सापडत नाही. डोळा लिहिलेल्या गोष्टींवरच फिरतो. म्हणून मी त्याला फोनवर सांगितलं, यादी उलटी ठेव आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काम मला सांग. खोदाई कोण करणार, लोखंड कुठं उतरणार, ते वर कसं जाणार, स्लॅबच्या दिवशी मिक्सर कुठं उभा राहणार, प्लेटा कोण काढणार. प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारत होतो: त्या वेळी तिथं कोणाचा माणूस आहे, आणि काय झालं तर तो मरेल?

शब्द जरा कडक आहे, मान्य. पण "काय इजा होऊ शकते" असं विचारलं की लोक पायात खिळा घुसण्यापासून सुरुवात करतात.

बारा मीटरची सळई

पहिली गोष्ट लोखंड वर चढवताना सापडली. यादीत विजेची ओळ होती, पण ती साइटवरच्या मिक्सर, व्हायब्रेटर आणि कटरच्या वायरींबद्दल. समोरच्या रस्त्यावरच्या लाइनबद्दल एक अक्षर नाही.

मी विचारलं तर तो म्हणाला, "सर, लाइन लांब आहे, इंजिनिअरनं अंतर बघितलंय." बरोबर आहे. ११ केव्हीच्या लाइनपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर हवं असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे, आणि त्याच्या घराचं आडवं अंतर त्यापेक्षा जास्तच आहे. पण हे अंतर उभ्या राहिलेल्या इमारतीसाठी आहे. घर जागचं हलत नाही, सळई हलते. बाजारातली सळई १२ मीटरची, म्हणजे जवळजवळ चाळीस फूट. दोन माणसं ती रस्त्यावरून वर देतात, स्लॅबवरचे दोघं ओढून घेतात आणि मग आडवी करायला फिरवतात. फिरवताना मागचं टोक हवेत कुठं जातं हे वरच्या माणसाला दिसतच नाही, कारण त्याची नजर समोरच्या टोकावर असते. ११ केव्हीला प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

मग काय लिहायचं? "वायरपासून सावध राहावे" लिहून उपयोग नाही. सळई रस्त्याच्या बाजूनं वर जाणारच नाही, अशी व्यवस्था करायची. त्याच्या प्लॉटला मागच्या बाजूनं दहा फुटांची वाट आहे. लोखंड तिथं उतरवायचं, मापानं तिथंच कापायचं आणि वाकवायचं, आणि मागच्या बाजूनंच वर द्यायचं. ट्रकवाला "गाडी मागं वळत नाही" म्हणेल, म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं.

ज्यांच्याकडे मागची वाट नाही, त्यांनी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून त्या दिवसापुरता पुरवठा बंद मागायचा. ओळखीच्या लाइनमनला फोन करून "तासभर बंद ठेव रे" हा प्रकार नको. त्याची ड्युटी बदलली, दुसऱ्यानं लाइन चालू केली, तर स्लॅबवरच्या पोरांना कोण सांगणार? आणि लाइन हलवायची असेल तर त्याला वेळ लागतो, तो अर्ज पाया खोदण्याच्या आधी जायला हवा.

टाकी नवीन आहे, मग धोका कसला?

दुसरी गोष्ट अगदी शेवटी सापडली. प्लास्टर झालं, फरशी झाली, तो म्हणाला, "मग झालं सर, फक्त टाकीच्या प्लेटा काढायच्या राहतात." मी म्हटलं, थांब. त्या कोण काढणार?

आठ फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट खोल टाकी. वर आरसीसी स्लॅब टाकायचा, त्यासाठी आत फळ्या, प्लेटा आणि टेकू लावायचे. स्लॅबला दोन फुटांचं एक तोंड ठेवायचं. पंधरा-वीस दिवसांनी सेंट्रिंगवाल्याचा एखादा पोरगा त्या तोंडातून आत उतरतो आणि टेकू ठोकून काढायला लागतो. आपल्याकडे हीच पद्धत आहे आणि बहुतेक वेळा काही होत नाही. म्हणूनच ती यादीत येत नाही.

पण देशभरात अशा नव्या, एकदाही न वापरलेल्या टाक्यांमध्ये प्लेटा काढायला उतरलेली माणसं मेली आहेत. टाकी नवीन आहे तर आत काय झालं? आत क्युरिंगचं किंवा पावसाचं पाणी साठलेलं असतं. त्यात ओल्या फळ्या, भुसा, पालापाचोळा, कधी सिमेंटच्या पिशव्या. हे सगळं कुजायला लागतं. कुजवणारे जंतू आणि बुरशी आतल्या हवेतला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. दोन फुटांच्या एका तोंडातून हवा खेळत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली ती जागा धोक्याची धरतात. १० च्याही खाली गेला तर माणसाला गुदमरल्यासारखं वाटायच्या आधीच शुद्ध हरपू शकते. ऑक्सिजन कमी झाल्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही. "आत उतरून बघतो, काही वाटलं तर वर येतो" हे म्हणूनच चालत नाही. वर यायला पाय उरत नाहीत.

आणि मग दुसरा उतरतो. पहिला पडलेला दिसतो, चक्कर आली असेल असं वाटतं, भाऊ किंवा जोडीदार विचार न करता उडी मारतो. आपल्या जिल्ह्यानं हे पाहिलंय. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसची स्लरी साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, असे एकामागून एक पाच जण गेले. सहावा उतरताना कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं. ती बांधकामाची साइट नव्हती आणि तिथला वायू शेणाच्या स्लरीचा होता. पण माणसं ज्या क्रमानं गेली तो क्रम टाकीवरही तोच असतो, आणि वाचला त्याच्यात आणि बाकीच्यांत फरक एका दोराचा होता.

आता उपाय. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आत उतरायची वेळच येऊ न देणं. या तरुणाची टाकी अजून बांधायची होती, म्हणून मी म्हटलं, वरचा स्लॅब जागेवर टाकूच नको. जमिनीवर आरसीसीचे ढापे टाक, पिकले की भिंतींवर बसव. आत फळी नाही, टेकू नाही, कोणी उतरायचं कारण नाही. पुढं दहा वर्षांनी टाकी उपसायची झाली तरी ढापे उचलून सगळी टाकी उघडी करता येते.

इथं एक गोष्ट मात्र बघा. उपायही स्वतःचा धोका घेऊन येतो, आणि तोही यादीत लिहावा लागतो. टाकी आतून चार फूट रुंद, दोन्ही भिंतींवर टेकायला धरून ढापा पाच फुटांचा झाला. दीड फूट रुंद आणि तीन इंच जाड केला तर वजन १३० किलोच्या आसपास भरतं. दोन माणसं उचलायला जातील आणि कोणाची तरी बोटं खाली सापडतील. एक फूट रुंद केला तर नव्वदच्या आत येतो, चार कडा ठेवल्या की चार माणसं दोर आणि बांबूनं नीट बसवतात. जाडी आणि लोखंड किती हे इंजिनिअरला विचारूनच, कारण वरून गाडी जाणार असेल तर हा हिशोब बदलतो.

ज्यांची टाकी आधीच झाकून बसली आहे त्यांचं काय? पहिलं म्हणजे घाई नको. टाकीतलं पाणी पंपानं बाहेर काढा, पण इंजिनचा पंप किंवा जनरेटर तोंडापाशी ठेवू नका, त्याचा धूर आत उतरतो. ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडून हवा मारा. तोंडावर पंखा धरून तळाची हवा हलत नाही. मग गॅस मीटर दोरीनं खाली सोडून वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी मोजा. मीटर भाड्यानं मिळतो, एमआयडीसीत काम करणाऱ्या सेफ्टीवाल्यांकडे चौकशी करा. जुनी माणसं दिवा सोडून बघायची. दिवा विझला तर उतरू नका हे खरंच, पण दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली असं नाही. विषारी वायू असला तरी दिवा जळत राहतो, आणि पेट घेणारा वायू असेल तर दिवाच घात करतो.

मोजमाप ठीक आलं तरी उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण पट्टा हवा, त्याचा दोर वर दोन माणसांच्या हातात, आणि ब्लोअर शेवटपर्यंत चालू. बेशुद्ध माणूस दोन फुटांच्या तोंडातून एकट्याला ओढून निघत नाही. आत कोणी पडलाच तर वरच्यांनी दोर ओढायचा, हवा मारत राहायची, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. उतरायचं नाही. हे वाक्य उतरण्याच्या आधी मोठ्यानं बोलून घ्यायचं, कारण त्या क्षणी ते कोणाला आठवत नाही.

"योग्य वेळी" म्हणजे कोणी ठरवायचं?

आता ज्या ओळी यादीत आहेत त्यांच्याकडे येऊ. यातली एकच घेतो, कारण बाकीच्यांचा आजार तोच आहे. "सेंट्रिंग योग्य वेळी काढावे."

काढावे. कोणी? सेंट्रिंगवाला म्हणेल मला सांगितलं की मी काढतो. घरमालक म्हणेल मला त्यातलं काय कळतं. इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो. मुकादमाला वाटतं ठेकेदारानं होकार दिला असेल. आणि खरी ओढ वेगळीच असते: सेंट्रिंगवाल्याला त्याच प्लेटा पुढच्या गावातल्या स्लॅबला हव्या असतात, मालकाला खालच्या खोल्यांचं काम लवकर सुरू करायचं असतं. दोघांनाही प्लेटा लवकर निघायला हव्यात. थांबा म्हणणारा कोणीच नाही.

आणि योग्य वेळ एकच नसते. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे. बीमखालचे, गाळा ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. या घरात बारा फुटांच्या खोल्या आहेत, त्या पहिल्या गटात बसतात. हॉल सोळा फुटांचा, म्हणजे जवळजवळ ४.९ मीटर, तो दुसऱ्यात. एकाच स्लॅबखाली दोन तारखा. त्यात दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी असतं, ते सुरुवातीला हळू पिकतं, त्याला आणखी दिवस द्यावे लागतात. किती ते इंजिनिअर सांगेल. हे सगळं "योग्य वेळी" या दोन शब्दांत कोंबलं होतं.

म्हणून ओळ अशी बदलली: "टेकू काढण्याची तारीख, खोलीनिहाय, इंजिनिअर स्लॅबच्या दिवशीच वहीत लिहून सही करील. ठेकेदाराचा लेखी मेसेज आल्याशिवाय सेंट्रिंग ठेकेदार एकही टेकू हलवणार नाही. काढताना खाली दुसरं कोणी काम करणार नाही, हे मुकादम बघेल. माणूस दिसला तर तो काम थांबवील." मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. तारीख आणि वेळ आपोआप राहते, हाच त्याचा फायदा.

बघा, यात तीन वेगळी माणसं आहेत. एक ठरवणारा, एक करणारा, एक थांबवणारा. चौदाच्या चौदा ओळींना हे तीन प्रश्न लावले तेव्हा अकरा ओळींत एकाही माणसाचं नाव निघालं नाही. उरलेल्या तीन ओळींत "सुपरवायझर" लिहिलं होतं. या साइटवर सुपरवायझर कोण? "मीच सर." तो आठवड्यातले तीन दिवस मटेरियल आणि बिलासाठी नगरला असतो. म्हणजे त्या तीन दिवशी त्या ओळी बिनमालकाच्या. म्हणून तो नसेल त्या दिवशी अधिकार मुकादमाकडे, असं लिहून मुकादमाला ते समोर बसवून सांगायला लावलं. मुकादमाचा पहिला प्रश्न चांगला होता: "मी काम थांबवलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?" यादीत त्याचंही उत्तर लिहिलं: ठेकेदार. हे ठरलं नसतं तर थांबवण्याचा अधिकार कागदावरच राहिला असता. रोजावर आलेला माणूस स्वतःच्या खिशातून सुरक्षितता विकत घेत नाही, आणि त्यानं तशी घ्यावी अशी अपेक्षाही करू नये.

सेंट्रिंगवाल्याचा माणूस पडला तर

या तरुणाचं म्हणणं होतं, सेंट्रिंगचं काम ठोक दिलंय, त्यांची माणसं त्यांची जबाबदारी. कायदा तसं बघत नाही. तुम्ही तुमच्या धंद्यातलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि त्याच्या कामगाराला अपघात झाला, तर कामगाराला भरपाई थेट तुमच्याकडून मागता येते. तुम्ही ती नंतर पोटठेकेदाराकडून वसूल करू शकता, तो सापडला आणि त्याच्याकडे असली तर. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आहे.

रक्कम किती, याचा अंदाज यावा म्हणून जुन्या कायद्याचा हिशोब सांगतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरत. ३० वर्षांच्या माणसासाठी आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. त्याला या अख्ख्या घरात नफा किती सुटणार होता ते मी विचारलं नाही. तो स्वतःच गप्प झाला.

म्हणून कामगार भरपाईचा विमा घेताना एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: पोटठेकेदाराची माणसं यात धरली आहेत का? नसतील तर नोंद करून घ्या आणि पॉलिसीवर ती छापून आली का बघा.

नवी यादी एकोणीस ओळींची झाली. हेल्मेट आणि प्रथमोपचार पेटीच्या ओळी आहेत तशाच ठेवल्या, फक्त पेटी कोण भरून ठेवणार ते लिहिलं. टाकीची ओळ आता अशी आहे: "टाकीवर ढापे बसवायचे, जागेवर स्लॅब नाही. कोणत्याही कारणानं टाकीत उतरायचं झाल्यास ठेकेदार स्वतः हजर असेल, तो नसेल तर काम दुसऱ्या दिवशी." परवा त्याचा मेसेज आला. गवंड्याचं म्हणणं आहे की ढाप्यांच्या सांध्यांतून वास येईल. मी कळवलं, सांधे सिमेंटनं भर, व्हेंट पाइप छताच्या वर ने, आणि उपसायला ठेवलेल्या ढाप्याच्या कडेला मात्र कमी सिमेंटचा माल वापर, म्हणजे तो पुढं फोडता येईल.